‘प्रथा नाही’ या शेऱ्याला उत्तर : महाडच्या निकालापासून राजूरच्या जयंती मिरवणुकीच्या अर्जापर्यंत

जयंतीच्या मिरवणुकीचा अर्ज नाकारला जातो तेव्हा ‘तुम्ही अमुक जातीचे आहात म्हणून नाही’ असे कोणी कागदावर लिहीत नाही. लिहिले जाते ते वेगळेच. ‘सदर मार्गाने मिरवणूक काढण्याची प्रथा नाही.’ ‘नवीन पायंडा पडेल.’ ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ बऱ्याचदा एवढेही लिहिले जात नाही. ठाण्यात चहा पाजून तोंडी सांगितले जाते की, पोरांनो, वस्तीतल्या वस्तीत काढा, मेन रोडला नको.

आमचे म्हणणे असे की या शेऱ्यांत नवे काहीच नाही. ‘प्रथा’ हा शब्द चवदार तळ्याच्या खटल्यात सनातन्यांनी कोर्टात आणला होता आणि बाबासाहेबांनी तो दहा वर्षे लढून कोर्टातच पाडला. तो इतिहास आपण भाषणात सांगतो, पण ठाण्यात अर्ज देताना विसरतो. अर्जात आपणच लिहून मोकळे होतो, ‘तरी मेहेरबान साहेबांनी पारंपरिक मार्गाने मिरवणुकीस परवानगी द्यावी ही नम्र विनंती.’ ‘पारंपरिक’ हा एक शब्द लिहिला की अर्धी लढाई आपण स्वतःच्या हाताने सोडून देतो. या लेखात तो शब्द कुठून आला, त्याला उत्तर काय, आणि राजूरसारख्या गावात १४ एप्रिलचा अर्ज नेमका कसा लिहावा, हे क्रमाने मांडत आहोत.

महाडला कोर्टात काय ठरले?

चवदार तळ्याची गोष्ट २० मार्च १९२७ ला पाणी प्यालो तिथे संपत नाही. रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता की सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर होता. तो बजावायला माणसे रस्त्याने चालत तळ्याकडे गेली, तेव्हा दगड आणि काठ्या निघाल्या.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायच्या आधी महाडच्या काही स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यात त्यांचे मुख्य म्हणणे दोन होते. एक, हे तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे. दोन, अस्पृश्यांनी या तळ्यावर येऊ नये अशी अनादी काळापासूनची प्रथा आहे. बाबासाहेबांनी त्या वेळी काय केले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हजारो माणसे सत्याग्रहाला तयार असताना त्यांनी कोर्टाच्या हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती शिस्तीत मिरवणूक काढली, आणि दावा लढायला घेतला.

तो दावा दहा वर्षे चालला. महाडच्या कोर्टात १९३१ साली, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली आणि मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. तळे नगरपालिकेचे आहे हे ठरले. प्रथेबद्दल न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी जे म्हटले त्याचा सार असा की, प्रथा आहे असे म्हणणाऱ्याने ती फार जुनी आणि निश्चित असल्याचे सिद्ध करायला हवे, आणि दावेदारांना ते जमलेले नाही.

या निकालात एक बारीक गोष्ट आहे. हायकोर्टाने ‘ही प्रथा अन्यायाची आहे म्हणून रद्द’ असे म्हटले नाही. ‘ती सिद्ध झाली नाही’ एवढेच म्हटले. प्रथा सिद्ध झाली असती तर ती वाजवी आहे का, हा पुढचा प्रश्न विचारावा लागला असता; तो विचारण्याची पाळीच आली नाही. म्हणजे १९३७ साली ‘प्रथा’ हा शब्द त्या एका खटल्यात हरला, पण कायद्यात तो जिवंतच होता.

राजूरला हा निकाल लागू नव्हता. मग काय लागू आहे?

महाड मुंबई प्रांतात होते. त्या वेळी आपला भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल इथल्या कचेरीत कोणी वाचून दाखवला असता तरी त्याला कोणी बांधील नव्हते. राजूरच्या रस्त्याचा प्रश्न मिटवला तो २६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या संविधानाने. ज्या माणसाने दहा वर्षे ‘प्रथा’ या शब्दाशी कोर्टात झुंज दिली, तोच मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

संविधानाचे कलम १३ पाहा. मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारा ‘कायदा’ रद्दबातल, असे ते म्हणते, आणि त्या ‘कायदा’ शब्दात रूढी आणि परिपाठ यांनाही धरते. मग कलम १५ चा दुसरा खंड पाहा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा, ज्या पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने राखल्या जातात किंवा सर्व जनतेसाठी दिलेल्या आहेत, त्यांच्या वापराबाबत कोणाही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणाने अटकाव घालता येणार नाही. तलाव आणि रस्ता एका ओळीत आहेत, हा योगायोग आम्ही मानत नाही. महाडला प्रश्न तळ्याचा होता आणि तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचाही होता.

तेव्हा ‘या रस्त्याने तुमची मिरवणूक कधी गेली नाही’ हे वाक्य माहिती म्हणून खरे असू शकते. कारण म्हणून ते चालत नाही. गेली नाही, कारण जाऊ दिली नाही; आणि जाऊ दिली नाही हेच पुढे न जाऊ देण्याचे कारण करायचे, हा वळसा संविधानाने १९५० साली तोडला.

हा वळसा इथलाच आहे असेही नाही. उत्तर प्रदेशातल्या कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी २०१८ साली एका दलित नवरदेवाला ठाकुरांच्या वस्तीतून वरात न्यायची होती. त्याने प्रशासनाकडे अर्ज केले, हायकोर्टापर्यंत गेला. स्थानिक पातळीवरून उत्तर तेच आले, अशी वरात या मार्गाने नेण्याची परंपरा नाही. शेवटी त्या जुलैत मोठ्या पोलीस बंदोबस्तात, ठरवून दिलेल्या मार्गाने वरात निघाली. नवरा एक, गाव एक, आणि शब्द महाडचाच.

दुसरा शेरा : ‘कायदा व सुव्यवस्था’

प्रथेचा शेरा टिकत नाही हे कळले की दुसरा येतो. याला उत्तर देताना आपण भावनेत जातो. त्यापेक्षा दोन निकाल लक्षात ठेवावेत.

पहिला हिंमतलाल शहा यांचा. १९६९ साली अहमदाबादेत विद्यार्थी फेडरेशनच्या संपाच्या निमित्ताने रस्त्यावर जाहीर सभेची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. ज्या कायद्याखाली नाकारली तो १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, म्हणजे आज आपल्याकडे लागू असलेला महाराष्ट्र पोलीस अधिनियम. सुप्रीम कोर्टाने १९७२ साली सांगितले की रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येईल, वेळ-जागा ठरवून देता येईल. पण कोणत्या कारणाने परवानगी नाकारायची याला काही मोजमापच नसेल आणि सगळे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असेल, तर तो नियम कलम १९ ला धरून नाही. नियमन आणि मनाई यांतला हा फरक आपल्या अर्जाचा पाया आहे.

दुसरा गुलाम अब्बास यांचा, १९८१ चा, वाराणसीतल्या शिया-सुन्नी वादातला. तिथे सुप्रीम कोर्टाने म्हटले की शांतता भंगेल या भीतीने हुकूम काढताना दंडाधिकाऱ्याने कायदेशीर हक्क बजावणाऱ्याला मदत करायची असते आणि अडथळा आणणाऱ्याला आवरायचे असते. शक्यतो हक्कच गुंडाळून ठेवायचा नसतो. साध्या भाषेत, दगड मारणाऱ्याला धरा, चालणाऱ्याला घरी बसवू नका.

मात्र तोंडी तडजोडीवर विसंबू नये, हेही इतिहासच सांगतो. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ होता. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढायचा असे ठरले. प्रत्यक्षात सवर्णांनी ठरलेले मोडून रथ पुढे पळवला, आणि मग दगडफेक झाली. शांतता समितीच्या बैठकीत ‘ठरले’ असे सांगितले जाते तेव्हा नाशिक आठवावे आणि ठरलेले इतिवृत्तात लिहून घेऊन त्याची प्रत मागावी.

आवाजाचा प्रश्न वेगळा आहे, म्हणून अर्जही वेगळा

इथे आम्ही आपल्याच मंडळांशी थोडे भांडणार आहोत. रस्त्याचा हक्क आणि लाउडस्पीकर या दोन गोष्टी एका अर्जात कोंबणे ही मोठी चूक आहे. कारण रस्त्याबाबत कायदा आपल्या बाजूने भक्कम आहे, आणि आवाजाबाबत तो सगळ्यांनाच, मंदिराला, मशिदीला, विहाराला, सारखा कडक आहे. दोन्ही एकत्र मागितले की डीजेचे कारण दाखवून रस्ताही नाकारता येतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘डीजेला परवानगी नाकारली’ अशी, आणि मेन रोड हातचा गेलेला असतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत. त्यांत चार गोष्टी महत्त्वाच्या. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी १० ऐवजी १२ पर्यंत मुभा देता येते. या दिवसांची यादी दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते. १४ एप्रिल त्या वर्षीच्या जालन्याच्या यादीत आहे का ते आधी पाहावे आणि असल्यास त्या आदेशाचा क्रमांक अर्जात लिहावा. ‘दरवर्षी असते’ यावर विसंबू नये.

चौथी गोष्ट आवाजाची पातळी. नियम असा की सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलहून जास्त नसावा, किंवा ७५ डेसिबल. यांत जे कमी ते. निवासी भागाची दिवसाची पातळी ५५ आहे, म्हणजे तिथे मर्यादा ६५. बाजारपेठेची ६५ आहे, म्हणजे तिथे ७५. आता हिशेब करा. समोरासमोर दोन माणसे जरा मोठ्याने बोलली तरी आवाज साठीच्या घरात जातो. ट्रॅक्टरवर भिंतीसारखे रचलेले बेस स्पीकर या मर्यादेत बसणे शक्यच नाही. म्हणजे ‘डीजे’ असा शब्द अर्जात लिहिणे म्हणजे नियम मोडणार असल्याचे स्वतःच्या सहीने लिहून देणे. मग मर्यादा ओलांडली की गुन्हा दाखल होतो तो अध्यक्ष-सचिवांवर, म्हणजे बहुधा नोकरीच्या तयारीत असलेल्या दोन पोरांवर. हलगी, लेझीम, ढोलपथक, बँड आणि घोषणा-गीतांसाठी दोन साधे भोंगे, एवढ्यात मिरवणूक भारदस्त होते. पुण्यात १४ एप्रिल १९२८ ला जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती केली असे मानले जाते. त्या काळी गावागावांत स्पीकर नव्हते. मिरवणूक लक्षात राहिली ती रस्त्याने गेली म्हणून.

राजूरचा अर्ज

राजूर भोकरदन तालुक्यात, जालना–भोकरदन रस्त्यावर. राजुरेश्वर गणपतीमुळे गाव सगळीकडे माहीत आहे. अंगारकी चतुर्थीला इथे भाविकांची गर्दी लाखांच्या घरात जाते, पायी दिंड्या येतात, वाहतूक वळवली जाते. त्याला कोणी रहदारीला अडथळा म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आमचा मुद्दा एवढाच की ज्या प्रशासनाला एका दिवसासाठी अख्खा रस्ता वळवता येतो, त्याला १४ एप्रिलच्या संध्याकाळी काही तासांचे नियोजन नक्कीच जमते. अर्जात हे टोमणा म्हणून लिहू नये. सहज उल्लेख करावा, ‘यात्रेच्या वेळी वापरला जाणारा पर्यायी मार्ग या वेळीही वापरता येईल’. मात्र चतुर्थी १४ तारखेला लागून आली असेल तर वेळ ठरवताना तिची गर्दी आपणही धरावी.

अडथळ्याच्या आक्षेपाला उत्तर विशेषणांनी देता येत नाही, आकड्यांनी देता येते. उदाहरण घेऊ. ५०० माणसे, चार-चारच्या रांगेत, म्हणजे १२५ रांगा. रांगेला दीड मीटर धरला तर साधारण १९० मीटर. रथ आणि वाद्ये धरून २५० मीटर. लेझीम खेळत जाणारी मिरवणूक तासाला एक किलोमीटर या वेगाने सरकते. म्हणजे कोणताही एक चौक ती पंधरा मिनिटांत ओलांडते. मार्ग दीड किलोमीटरचा असेल तर चालण्याला दीड तास, अभिवादनाचे पाच थांबे पंधरा-पंधरा मिनिटांचे, म्हणजे सव्वा तास. एकूण पावणेतीन तास. सायंकाळी साडेपाचला निघालो तर सव्वाआठला समारोप. हे अर्जात लिहिले की ‘रात्रभर रस्ता अडेल’ असे म्हणायला जागा राहत नाही. आणि लिहिल्याप्रमाणे वागणे मग आपल्यावर बंधनकारक असते.

मार्ग लिहिताना ‘गावातील प्रमुख मार्गाने’ असे मोघम लिहू नये. मोघम लिहिले की तो मार्ग कोणता हे ठाण्यात ठरते. कुठून निघणार, कोणत्या वळणावर वळणार, कुठे थांबणार, कुठे संपणार हे क्रमाने लिहावे आणि हाताने काढलेला नकाशा जोडावा. मंदिर, मशीद, शाळा, दवाखाना मार्गावर असेल तर लपवू नये. तिथे काय करणार ते लिहावे.

नमुना असा. कंसातली जागा आपल्या माहितीने भरावी, आकडे आपल्या मिरवणुकीप्रमाणे बदलावेत.

> प्रति,
> मा. प्रभारी अधिकारी, पोलीस ठाणे (हद्दीचे ठाणे), ता. भोकरदन, जि. जालना
>
> विषय : दि. १४ एप्रिल रोजी राजूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सार्वजनिक मिरवणूक. मार्गावरील वाहतूक नियमन व बंदोबस्ताबाबत
>
> महोदय,
> १. आम्ही खाली सही करणारे राजूर येथील नागरिक भारतीय संविधानाच्या कलम १९(१)(अ) व (ब) अन्वये वरील दिवशी शांततामय व निःशस्त्र मिरवणूक काढणार आहोत. मार्गातील रस्ते सार्वजनिक असून कलम १५(२) अन्वये सर्व नागरिकांच्या वापरासाठी खुले आहेत.
> २. मार्ग : (प्रारंभ) – (पहिले वळण) – (मुख्य चौक) – जालना–भोकरदन रस्त्याचा (इथून तिथपर्यंत) भाग – (समारोपाचे ठिकाण). एकूण अंतर सुमारे १.५ कि.मी. नकाशा सोबत.
> ३. वेळ : सायं. ५.३० ते ८.१५. अंदाजे सहभाग ५००. मिरवणुकीची लांबी सुमारे २५० मीटर. मुख्य चौक ओलांडण्यास सुमारे १५ मिनिटे.
> ४. रस्त्याची डावी बाजू वापरली जाईल, उजवी बाजू वाहनांसाठी मोकळी राहील. रुग्णवाहिकेस तत्काळ वाट दिली जाईल. दवाखाना व प्रार्थनास्थळांसमोर वाद्ये थांबवून मिरवणूक न थांबता पुढे जाईल.
> ५. रथ : एक. उंची (…) फूट. वाहन क्रमांक व चालकाच्या परवान्याची प्रत सोबत.
> ६. स्वयंसेवक : ३०, ओळखपट्टीसह. यादी सोबत. जबाबदार पदाधिकारी : (तीन नावे व दूरध्वनी).
> ७. मार्ग किंवा वेळेत काही बदल आवश्यक वाटल्यास तो बदल व त्याची कारणे दि. (…) पर्यंत लेखी कळवावीत, म्हणजे चर्चा करून नियोजन करता येईल.
> ८. ध्वनिक्षेपकासाठी स्वतंत्र अर्ज केला आहे. त्यावरील निर्णय या अर्जाशी जोडू नये.
>
> प्रत : उपविभागीय पोलीस अधिकारी, भोकरदन, ग्रामपंचायत, राजूर

या मसुद्यात काही गोष्टी मुद्दाम आहेत. विषयात ‘परवानगी मिळणेबाबत’ नाही, ‘नियमन व बंदोबस्ताबाबत’ आहे. त्याचा अर्थ परवानगी लागत नाही असा मुळीच नाही. जिथे पोलीस नियमांप्रमाणे परवाना लागतो तिथे तो घ्यायचाच, आणि ठाण्याचा छापील नमुना असेल तर तोही भरून सोबत जोडायचा. पण आपण हक्क मागत नाही, हक्क बजावताना नियमन मागतो, हे पहिल्या ओळीपासून दिसले पाहिजे. ‘पारंपरिक’ हा शब्द कुठेही नाही. मागच्या वर्षांच्या परवानग्या असतील तर त्यांच्या प्रती जोडा, पण ‘दरवर्षी याच मार्गाने निघते म्हणून’ असे कारण लिहू नका. ज्या गावात पहिल्यांदाच मिरवणूक निघते आहे त्या गावाने मग काय लिहायचे? हक्क दोन्ही गावांचा एकच आहे. सातवा मुद्दा सगळ्यात कामाचा. तो अधिकाऱ्याला नकार देण्याऐवजी बदल सुचवायला लावतो आणि बदलासाठी कारण द्यायला लावतो.

ध्वनिक्षेपकाच्या अर्जात तारीख, वेळ, ठिकाण, साधे भोंगे किती, वाजवणाऱ्याचे नाव आणि ‘नियम २००० मधील मर्यादा पाळू’ एवढे पुरे. या नियमांत परवानगीसाठी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला नेमलेला अधिकारी सांगितला आहे, म्हणून अर्ज ठाण्यात दिला तरी प्रत उपविभागीय कार्यालयात जायलाच हवी. कमान किंवा मंडप रस्त्यावर येत असेल तर गावाच्या रस्त्यासाठी ग्रामपंचायत, मोठ्या रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग; आणि रथ उंच असेल तर मार्गावरच्या खाली आलेल्या तारांसाठी महावितरणला आधी पत्र. तारेला लागून रथावरचा माणूस गेला तर कोणताही निकाल त्याला परत आणत नाही.

अर्ज दिल्यानंतर

अर्ज किमान तीन आठवडे आधी द्यावा. याचे कारण शिष्टाचार नाही. नकार आलाच तर उपविभागीय अधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि शेवटी हायकोर्टाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ, एवढ्या पायऱ्या चढायला दिवस लागतात. १२ एप्रिलला नकार घेऊन कोर्टात गेलो तर निकाल कोणताही लागो, १४ तारीख गेलेली असते. उशिरा उत्तर देणे हाही नकाराचाच एक प्रकार आहे आणि तो आपल्या उशिरा दिलेल्या अर्जावरच जगतो.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवावा. तोंडी नकार मिळाला तर वाद न घालता त्याच दिवशी पत्र द्यावे : ‘आज चर्चेत आपण मुख्य मार्गाने मिरवणूक नेऊ नये असे सांगितले. कृपया याची कारणे लेखी द्यावीत.’ तोंडी नकाराला अपील नसते, लेखी नकाराला असते. म्हणूनच तो लेखी दिला जात नाही.

पदाधिकाऱ्यांना पोलिसांची नोटीस येते तेव्हा घरचे घाबरतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली यायची. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १६८ खाली येते. ती प्रतिबंधक सूचना आहे. गुन्हा नव्हे, आणि मिरवणुकीला मनाईही नव्हे. सही करून प्रत घ्यावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश मात्र नीट वाचावा, कारण त्यात परवानगी घेतलेल्या मिरवणुकांना बहुधा सूट दिलेली असते. सूट असेल तर आपला परवाना हातात असणे हेच संरक्षण.

आणि कोणी मिरवणूक अडवलीच तर? अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३(१)(झेडए) प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक रस्ता वापरण्यापासून अडवणे, तसेच धार्मिक, सामाजिक वा सांस्कृतिक मिरवणूक काढण्यापासून वा तीत भाग घेण्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. फिर्याद देताना नुसते ‘शिवीगाळ केली’ असे न लिहिता कुठल्या ठिकाणी, किती वाजता, कोणत्या मंजूर मार्गावर अडवले हे लिहावे. त्या वेळी आपला अर्ज आणि नकाशाच पुरावा म्हणून उभा राहतो.

हे सगळे कागदी वाटत असेल त्यांनी नांदेडजवळचे बोंढार हवेली आठवावे. त्या गावात एप्रिल २०२३ मध्ये भीमजयंतीची मिरवणूक निघाली, आणि १ जूनला आपल्या एका तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. गावात जयंती काढली याचा राग होता, असे फिर्यादीत नोंदले गेले. मिरवणुकीची संध्याकाळ शांत गेली म्हणून प्रश्न संपला असे होत नाही. जयंतीनंतरच्या दिवसांत कोणी धमकी दिली तर तीही त्याच दिवशी लेखी ठाण्यात जावी, मूळ अर्जाचा आवक क्रमांक लिहून.

म्हणून प्रत्येक गावाने एक फाइल करावी. अर्ज, पोच, परवाना, नोटीस, शांतता समितीचे इतिवृत्त, मिरवणुकीचे फोटो, सगळे वर्षावार. महाडचा दावा दहा वर्षे टिकला तो भाषणांवर नाही, नगरपालिकेच्या दप्तरातल्या कागदांवर. आपली फाइल जाडजूड होईल तेव्हा एखादा नवा अधिकारी ती चाळून म्हणेल, ‘अरे, तुमची तर इथली जुनी प्रथा आहे.’ तेव्हा त्याला नम्रपणे सांगावे, साहेब, प्रथा नव्हती तेव्हाही हा रस्ता आमचाच होता.

जयभीम.